कॅटलॉगात ४०२, ट्रेवर २७२: एलटी फीडरची केबल निवडताना

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मी एका कारखान्यासाठी पीसीसी म्हणजे मुख्य वितरण पॅनेलपासून एमसीसी म्हणजे मोटरींच्या पॅनेलपर्यंतची फीडर केबल निवडली होती. ब्रेकर ३२० अँपिअरवर सेट होता. कॅटलॉगात २४० स्क्वेअर एमएमच्या साडेतीन कोर ॲल्युमिनियम एक्सएलपीई केबलपुढे हवेतले ४०२ अँपिअर छापलेले होते. ३२० पेक्षा ४०२ मोठे, म्हणून काम झाले असे समजून मी पुढच्या फीडरकडे वळलो.

दोन उन्हाळ्यांनी मेंटेनन्सच्या माणसाने फोन करून बोलावले. ट्रेवर चढून पाहिले तर मधल्या केबलींचे काळे आवरण तपकिरी आणि कडक झालेले. टाँग टेस्टरवर करंट २८० च्या आसपास होता, त्यामुळे ब्रेकर पडायचा प्रश्नच नव्हता. तरी केबल भाजत होती. त्या ट्रेवर, त्या पत्र्याखाली, त्या केबलची खरी क्षमता २७२ अँपिअरच होती. पुढे त्याच ट्रेवर कुणीतरी आणखी केबली रचल्या आणि ती त्याहूनही खाली गेली.

तो हिशेब आता मी कसा करतो ते पुढे एकाच उदाहरणावर दाखवतो. उदाहरण विदर्भातल्या एमआयडीसीतल्या पत्र्याच्या शेडचे घेतो, कारण डीरेटिंग, म्हणजे जागेच्या परिस्थितीनुसार केबलची क्षमता कमी धरणे, खऱ्या अर्थाने तिथे चावते.

## आधी हे हाताशी ठेवा

- सिंगल लाइन डायग्राम आणि एमसीसीची लोड लिस्ट
- केबल कोणत्या मार्गाने जाणार त्याचा ले-आउट, आणि तो मार्ग स्वतः चालून मोजण्यासाठी टेप
- ज्या कंपनीची केबल येणार तिचाच कॅटलॉग, तळटीपांसकट
- आयईसी ६०३६४-५-५२ मधले ग्रुपिंगचे तक्ते (कॅटलॉगात ते असतील तर आधी तेच वापरा)
- ब्रेकरचा प्रकार आणि त्याच्या सेटिंगची मर्यादा
- साधा थर्मामीटर. हसू नका, पायरी ३ मध्ये तो लागतो.

## १. करंट ठरवा, पण केबल ब्रेकरसाठी निवडा

आपल्या एमसीसीचा चालता लोड १७० किलोवॅट आहे. व्होल्टेज ४१५ आणि पॉवर फॅक्टर ०.८५ धरला तर करंट येतो २७८ अँपिअर. चालता लोड म्हणजे एका वेळी खरोखर चालणाऱ्या यंत्रांचा. स्टँडबाय पंपासकट सगळ्या मोटरींच्या नेमप्लेटची बेरीज करू नका.

नवखे इथेच थांबतात आणि २७८ साठी केबल शोधायला लागतात. ब्रेकर मात्र ४०० अँपिअरचा एमसीसीबी आहे आणि तो ०.८ वर, म्हणजे ३२० वर सेट आहे. उद्या एमसीसीत आणखी एक यंत्र जोडले आणि करंट ३१० झाला तर ब्रेकर तक्रार करणार नाही. केबल २९० चीच असेल तर ती मुकाट्याने तापत राहील. म्हणून क्रम असा: लोडचा करंट ब्रेकरच्या सेटिंगपेक्षा कमी, आणि ब्रेकरचे सेटिंग केबलच्या डीरेट केलेल्या क्षमतेपेक्षा कमी. आपला आकडा आता ३२०.

## २. कॅटलॉगाच्या तळटीपा वाचा

कॅटलॉगातला प्रत्येक अँपिअर काही अटींवर छापलेला असतो. भारतीय कंपन्यांच्या कॅटलॉगात साधारणपणे हवेचे तापमान ४० अंश आणि जमिनीचे ३० अंश धरतात, आणि केबल एकटी आहे असे मानतात. आयईसीच्या तक्त्यांत हेच आकडे ३० आणि २० अंश आहेत.

या फरकातून होणारी चूक मी अनुभवी लोकांच्या एक्सेलमध्येही पाहिली आहे. अँपिअर एका ठिकाणचे आणि तापमानाचा गुणक दुसऱ्या ठिकाणचा. एक्सएलपीई केबलसाठी ५० अंशांचा गुणक ४० च्या पायावर ०.८९ येतो आणि ३० च्या पायावर ०.८२. आयईसीचे अँपिअर घेऊन त्यांना ०.८९ ने गुणलेत तर केबल लहान पडेल. भारतीय कॅटलॉगाला ०.८२ लावलात तर मालकाचे पैसे विनाकारण जातील. ओळखायची खूण सोपी आहे: गुणकांच्या तक्त्यात ज्या तापमानापुढे १.०० लिहिलेले असते तो त्या तक्त्याचा पाया. तो आणि अँपिअरच्या तक्त्याचा पाया एकच हवा.

उदाहरणासाठी मी हे आकडे धरतो. केबल साडेतीन कोर, ॲल्युमिनियम, एक्सएलपीई, आर्मर्ड, पाया ४० अंश. तुमच्या कॅटलॉगात थोडे वेगळे असतील, ते घ्या.

| साइज (स्क्वेअर एमएम) | हवेत अँपिअर | ९० अंशांना रेझिस्टन्स (ओहम प्रति किमी) |
|---|---|---|
| १२० | २५८ | ०.३२५ |
| १५० | २९४ | ०.२६४ |
| २४० | ४०२ | ०.१६० |
| ३०० | ४६१ | ०.१२८ |
| ४०० | ५४२ | ०.१०० |

रिॲक्टन्स या सगळ्या साइजमध्ये जवळपास सारखाच असतो. मी ०.०७२ ओहम प्रति किमी धरला आहे.

## ३. तापमान ट्रेच्या उंचीवर मोजा

हवामान खात्याचा आकडा झाडाखालच्या सावलीसारखा असतो. केबल मात्र पत्र्याखाली दोन-तीन फुटांवर असते. मे महिन्यात दुपारी तीनला थर्मामीटर काठीला बांधून ट्रेपाशी धरा, खालच्या फ्लोअरपेक्षा बरेच जास्त दिसेल. नवीन शेड असेल आणि मोजता येत नसेल, तर विदर्भात पत्र्याखाली मी ५० पेक्षा कमी धरत नाही.

गुणक पाठ करायची गरज नाही. एक्सएलपीईचा कंडक्टर ९० अंशांपर्यंत चालतो. भोवताली ४० असेल तर तापायला ५० अंशांची जागा उरते, ५० असेल तर ४० अंशांची. उष्णता करंटच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून ४० भागिले ५० चे वर्गमूळ काढायचे: ०.८९. पीव्हीसी ७० अंशांवर थांबते, म्हणजे तिच्याकडे ३० पैकी २० अंशच उरतात आणि गुणक ०.८२ वर येतो. उष्ण जागेत पीव्हीसी का परवडत नाही ते यातच आले.

## ४. शेजारी कोण आहे ते पाहा

केबली चिकटून ठेवल्या की प्रत्येक केबल शेजारणीची गरमी खाते. छिद्रांच्या एका आडव्या ट्रेवर मल्टिकोर केबली एका थरात चिकटून असतील तर आयईसीच्या तक्त्यातले गुणक असे आहेत: दोन केबलींना ०.८८, तिघींना ०.८२, चौघींना ०.७९, सहांना ०.७६ आणि नऊ केबलींना ०.७३.

आपल्या ट्रेवर सहा केबली आहेत. म्हणजे एकूण गुणक ०.८९ गुणिले ०.७६, साधारण ०.६७६. कॅटलॉगातले ४०२ अँपिअर यानेच २७२ वर आले. माझी पहिली केबल २७८ च्या लोडलाच कमी होती, ३२० च्या ब्रेकरची तर गोष्टच सोडा.

आता उलटा हिशेब करा. ३२० भागिले ०.६७६ म्हणजे ४७३. कॅटलॉगात ४७३ पेक्षा जास्त अँपिअरची केबल शोधायची. ३०० स्क्वेअर ४६१ वर थांबते, थोडक्यात हुकते. एकेरी ४०० स्क्वेअर चालेल, पण ती वाकवताना आणि ग्लँडमध्ये घालताना पोरांचा जो जीव जातो तो पाहिल्यावर मी सहसा दोन रनचा, म्हणजे एकाच फीडरला दोन समांतर केबलींचा विचार करतो.

दोन रन घेतले की ट्रेवर सातवी केबल आली. तक्त्यात सहानंतर थेट नऊ आहे, म्हणून मी वाईट बाजू धरून ०.७३ घेतो. एकूण गुणक ०.६५. ३२० भागिले ०.६५ म्हणजे ४९२, एका रनला २४६. १२० स्क्वेअरची क्षमता २५८, म्हणजे १२० च्या दोन रन पुरतात. एकेरीला ४०० स्क्वेअर लागले असते, इथे २४० मध्ये भागले. लहान केबल आकाराच्या मानाने जास्त करंट नेते, कारण तिला थंड व्हायला पृष्ठभाग जास्त मिळतो.

या पायरीतले तीन सापळे मात्र नीट पाहा.

पहिला म्हणजे थर. वरचे गुणक एका थराचे आहेत. केबलींवर केबली रचल्या की तो ट्रे राहत नाही, गठ्ठा होतो. गठ्ठ्यात नऊ केबलींचा गुणक ०.५० आहे. माझ्या त्या पहिल्या केबलीला हा लावला तर ४०२ चे १७९ उरतात. ट्रेवर जागा दिसली की पुढचा काँट्रॅक्टर केबल वर टाकणारच, म्हणून ट्रे सुरुवातीलाच एक साइज रुंद मागा.

दुसरा म्हणजे मार्गातला सर्वात वाईट तुकडा. १४० मीटरपैकी १२५ मीटर ट्रे आणि १५ मीटर रस्त्याखालच्या पाइपात असेल, तर केबलची क्षमता पाइपातली धरायची. ‘एवढासाच तर तुकडा आहे’ हे केबलला कळत नाही. भिंतीतून ३५ सेंमीपेक्षा कमी अंतर जात असेल तर तेवढे सोडून देता येते, त्याहून जास्त नाही.

तिसरा सापळा उलट दिशेचा, उगाच जास्त केबली मोजण्याचा. जी केबल तिच्या ग्रुपमधल्या क्षमतेच्या ३० टक्क्यांपेक्षा कमी करंट नेते ती बाकीच्यांना तापवत नाही असे धरून मोजणीतून वगळता येते. कंट्रोल केबली यात येतात. स्टँडबाय फीडर मात्र वगळण्याआधी नीट विचारा, कारण तो स्टँडबाय कधी चालतो आणि तेव्हा दुसरा बंद असतो का, हे फक्त प्लँटवाल्यांनाच ठाऊक असते.

## ५. आता व्होल्टेज ड्रॉप

उष्णतेच्या हिशेबात पास झालेली केबल लांबीवर नापास होऊ शकते. सूत्र हे:

```
dV = 1.732 * I * L * (R*cosphi + X*sinphi) / n
```

इथे I लोडचा करंट, L किलोमीटरमध्ये, R आणि X ओहम प्रति किमी, n म्हणजे रनची संख्या. ड्रॉपसाठी ब्रेकरचे ३२० घेऊ नका, चालता करंट २७८ घ्या. आणि R नेहमी गरम कंडक्टरचा. कॅटलॉगात बहुधा २० अंशांचा डीसी रेझिस्टन्स असतो. ॲल्युमिनियमसाठी तो १.२८ ने गुणला की ९० अंशांचा मिळतो. हा गुणाकार विसरलात तर ड्रॉप सुमारे एक पंचमांशाने कमी दिसतो.

मर्यादा किती? आयईसी सार्वजनिक एलटी सप्लायवर प्रकाशासाठी ३ टक्के आणि इतर लोडला ५ टक्के सुचवते. स्वतःचा ट्रान्सफॉर्मर असेल तर ६ आणि ८ पर्यंत सूट आहे. मी मोटर टर्मिनलपर्यंत एकूण ५ धरतो आणि त्यातले २.५ टक्के फीडरला देतो. उरलेले एमसीसीपासून मोटरपर्यंत. फीडरनेच ४ खाल्ले तर शेवटच्या टोकाच्या छोट्या पंपाला मोठी केबल द्यावी लागते आणि स्टार्टरच्या टर्मिनलमध्ये ती बसत नाही. ४१५ चे २.५ टक्के म्हणजे १०.४ व्होल्ट.

लांबी ड्रॉइंगवरून काढली तर ११८ मीटर भरते. त्या लांबीवर १२० च्या दोन रनचा ड्रॉप ८.९ व्होल्ट, म्हणजे २.१५ टक्के येतो आणि आपण खूश होतो. टेप घेऊन चाललो तर पीसीसीतून वर ट्रेपर्यंत, मधल्या गर्डरला वळसा, एमसीसीपाशी खाली आणि दोन्ही टोकांना ठेवलेला लूप, असे मिळून १४० मीटर भरतात. आता तोच ड्रॉप १०.६ व्होल्ट होतो, २.५५ टक्के. नापास.

इथे कुणीतरी वाद घालेल की लोड २७८ असताना कंडक्टर ९० अंशांपर्यंत जाणारच नाही, साधारण ७७ पर्यंत जाईल, आणि मग ड्रॉप २.४६ टक्केच भरेल. गणित बरोबर आहे. पण त्यात पुढच्या वर्षीच्या एका मोटरीलाही जागा उरत नाही. मी तरी त्या दशांशांवर सही करत नाही.

एक साइज वर जाऊ. १५० च्या दोन रनचा ड्रॉप ८.८ व्होल्ट, म्हणजे २.१३ टक्के. उष्णतेत दोन रनची मिळून क्षमता ३८२ अँपिअर, ३२० च्या वर. पास.

लांब फीडर असेल तर सर्वात मोठी मोटर सुरू होतानाचा ड्रॉपही पाहा. समजा इथे ४५ किलोवॅटची मोटर डीओएलवर आहे, चालू करंट ८० आणि सुरुवातीचा सहापट म्हणजे ४८० अँपिअर. सुरू होताना पॉवर फॅक्टर ०.३ च्या आसपास असतो. बाकीच्या लोडसकट फीडरचा ड्रॉप १५ व्होल्टच्या घरात जातो, साडेतीन टक्क्यांच्या थोडा वर. काँटॅक्टर धरून ठेवायला यात अडचण नाही. हाच आकडा दहा टक्क्यांपलीकडे दिसू लागला तर आधी स्टार्टर बदलायचा विचार करा, केबल नंतर.

## ६. सही करण्याआधी एकदा उलटून पाहा

उत्तर आले तरी मी एक प्रश्न विचारतो: मांडणी बदलून स्वस्त पडेल का? याच ट्रेवर सहा केबलींमध्ये प्रत्येकी एका व्यासाइतके अंतर ठेवले तर ग्रुपिंगचा गुणक ०.७६ ऐवजी ०.९१ होतो. तापमानासकट ०.८१. मग ३२० साठी कॅटलॉगातले ३९५ पुरतात आणि एकेरी २४० स्क्वेअर उष्णतेत पास होते. ड्रॉपमध्ये मात्र ती २.८३ टक्क्यांवर नापास होते. ३०० स्क्वेअर २.३९ टक्क्यांवर बसते.

म्हणजे पर्याय दोन उरले: चिकटून १५० च्या दोन रन, किंवा अंतर ठेवून ३०० ची एक. ॲल्युमिनियम दोन्हीकडे सारखेच. ३०० च्या केबलचा व्यास ६० मिमीच्या घरात असतो, तशा सहा केबली अंतरासह मांडायला ६६० मिमी लागतात, म्हणजे ७५० चा ट्रे आणि त्याला साजेसे सपोर्ट. शिवाय आर्मर्ड मल्टिकोर केबलला व्यासाच्या बारापट वळण लागते, जवळजवळ ७२० मिमी. एमसीसीच्या मागे तेवढी जागा आहे का ते पाहा. मी १५० च्या दोन रन घेतल्या असत्या, कारण अंतर पहिल्या दिवशी राहते आणि दुसऱ्या वर्षी कुणीतरी त्या फटीत केबल सरकवते. दोन रन घेताना दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच साइजच्या आणि एकाच लांबीच्या हव्यात, नाहीतर आखूड रन जास्त करंट ओढते. काम झाल्यावर दोन्ही रनवर प्रत्येक फेजला टाँग टेस्टर लावून पाहा. १३९-१३९ च्या जागी १७०-१०८ दिसले तर आधी लगचे क्रिंपिंग आणि बोल्ट तपासा.

साडेतीन कोरमधला न्यूट्रल अर्धा असतो हेही विसरू नका. मोटरींच्या एमसीसीला तो चालतो. एलईडी, यूपीएस आणि संगणकांच्या फीडरवर तिसऱ्या हार्मोनिकचा करंट न्यूट्रलमध्ये साठतो, तिथे चार कोर घ्या.

शॉर्ट सर्किटसाठी एका ओळीची तपासणी पुरते: ॲल्युमिनियम एक्सएलपीई एका सेकंदाला प्रति स्क्वेअर एमएम ९४ अँपिअर सोसते, म्हणजे १५० ची एक रन १४.१ किलोअँपिअर. पीसीसीवर फॉल्ट लेव्हल ३५ किलोअँपिअर असेल तर घाबरून केबल वाढवू नका, ब्रेकर किती मिलिसेकंदांत तोडतो ते त्याच्या कर्व्हवर पाहा. वेळ ०.१ सेकंद असेल तर तीच रन ४४ पर्यंत सोसते.

शेवटचे म्हणजे ब्रेकरचा डायल. आपल्या दोन रनची क्षमता ३८२ आहे आणि एमसीसीबी ४०० चा. उन्हाळ्यात तो एकदा पडला की रात्रपाळीचा कुणीतरी डायल ०.८ वरून १.० वर फिरवतो आणि सगळा हिशेब संपतो. म्हणून मी सिंगल लाइन डायग्रामवर त्या फीडरपुढे एवढे लिहून ठेवतो, आणि तेच पॅनेलच्या दाराच्या आत चिकटवतो: ‘२ रन, ३.५ कोर १५० ॲल्यु. एक्सएलपीई, ५० अंश, एका थरात ९ केबलींपर्यंत, सेटिंग ०.९ च्या वर नेऊ नये.’